हातशिल्लक सोळा हजार आठशे साठ

रात्रीचे आठ वाजायला आले आहेत. संगमनेर तालुक्याच्या पठार भागात, साकूर-घारगावच्या पट्ट्यातल्या एका गावात मारुतीच्या देवळापुढच्या सभामंडपात दोन सतरंज्या अंथरल्या आहेत. जूनची दहा तारीख, पावसाचा पत्ता नाही. संध्याकाळच्या धारा काढून, दूध केंद्रावर घालून, भाकरी-कालवण झाकून बायका एकेक करून येतायत. मिटिंगची वेळ पावणेआठची. त्यानंतर पंधरा मिनिटांनी येणारीला १० रुपये दंड. म्हणून शेवटच्या दोघी पदर सावरत पळतच येतात, पण भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजून पाच मिनिटं झालेली असतात.

"दहा दहा काढा," अध्यक्षबाई वर न बघता म्हणतात.

"अवं, गाय लाथाडीत होती!"

"गाय गटात नाय, तू हायेस."

हशा होतो आणि दंडाच्या दोन नोटा सतरंजीवर पडतात.

मिटिंग दहा तारखेलाच का, याचं उत्तर दुधात आहे. इथे डेअरीचं पेमेंट दहा दहा दिवसांनी होतं, त्यामुळे दहा तारखेला बहुतेकींच्या हातात मागच्या दुधाचे पैसे आलेले असतात. गट काढला तेव्हा मिटिंग एक तारखेला होती. तीन महिने निम्म्या बायका हात हलवत आल्या, मग तारीख बदलली. तारीख बदलल्यावर बचत न चुकता येऊ लागली, असं अध्यक्षबाई सांगतात.

गटाला पाच वर्षं झाली. बायका बारा. पहिली दोन वर्षं बचत महिना १०० रुपये होती, नंतर २०० केली. आज एकसष्टावी बचत. तोंडी हिशेब करून बघितला : पहिल्या २४ महिन्यांचे २,४०० आणि पुढच्या ३६ महिन्यांचे ७,२००, म्हणजे प्रत्येकीचे ९,६००. बारा जणींचे १,१५,२००. खतावणीतही हाच आकडा आहे.

प्रार्थना होते, हजेरी होते. अकरा हजर, एक गैरहजर. माहेरी लग्न आहे म्हणून ती गेली आहे आणि पैसे जावेजवळ दिलेत. सचिव असलेली सून बारावी झालेली आहे. ती मागच्या मिटिंगचं इतिवृत्त वाचून दाखवते. मग अध्यक्षबाई कमरेची किल्ली काढतात आणि पत्र्याची पेटी उघडतात. पेटी वर्षभर सचिवाच्या घरी असते आणि किल्ली अध्यक्षांकडे. एकीच्या घरी दोन्ही ठेवायचं नाही, हा गटाचा पहिल्या दिवसापासूनचा नेम.

पेटीतून तीन नोटा निघतात : पाचशेच्या दोन आणि दोनशेची एक. सचिव रोजकीर्दीत बघून वाचते, "मागील हातशिल्लक बाराशे." शिवणकाम करणारी ताई नोटा हातात घेते, सगळ्यांना दिसतील अशा धरते आणि सतरंजीच्या मधोमध ठेवते. त्यावर चिमणीएवढा पितळी मारुती ठेवला जातो, वाऱ्याने उडू नयेत म्हणून. नवा पैसा घ्यायच्या आधी जुना पैसा सगळ्यांसमोर मोजायचा. ही पायरी वगळली की पुढचा सगळा हिशेब कागदावरचा होतो, हे मला नंतर तासाभराने नीट कळणार आहे.

आता बचत. सचिव नाव पुकारते, बाई दोनशे ठेवते आणि स्वतःचं पासबुक पुढे सरकवते. सचिव आधी गटाच्या वहीत बघते, मग पासबुकात लिहिते, आणि पासबुक परत जातं. पासबुकं पिवळट पडलेली, काहींना प्लास्टिकचं कव्हर, एकीच्यावर हळदीचा डाग. ही पासबुकं बायकांच्या घरी असतात, हे मी मुद्दाम विचारून घेते. बऱ्याच गटांत सगळी पासबुकं सचिवाच्या पेटीतच पडून असतात, "हरवतील म्हणून". तिथे बाईला आपली बाकी किती हे सचिव सांगेल तेच माहीत असतं.

माझ्या शेजारी बसलेल्या आजींना अक्षर येत नाही, आकडे मात्र येतात. पासबुक परत आलं की त्या चष्मा नाकावर ओढतात आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवतात. ९,८००. बोट उचलत नाहीत तोवर पुढच्या बाईचं नाव पुकारायचं नाही, असा अलिखित करार दिसतो.

मग वसुली. गटातून कर्ज घेतलेल्या आठ जणी आहेत आणि आजच्या तारखेला येणं आहे १,७२,००० रुपये. व्याज शेकडा दोन, महिन्याला. दूधवाल्या ताईंची पाळी पहिली. त्यांनी गाय घ्यायला ४०,००० घेतले होते आणि दर महिन्याला दोन हजार मुद्दल फेडतायत. सहा हप्ते झाले, बाकी २८,०००. सचिव कॅल्क्युलेटर न काढता म्हणते, "पाचशे साठ व्याज, दोन हजार मुद्दल, पंचवीसशे साठ."

व्याज राहिलेल्या बाकीवर लावलं आहे, घेतलेल्या रकमेवर नाही. या गटात हे गृहीत आहे, पण सगळीकडे नसतं. घेतलेल्या चाळीस हजारांवर शेवटपर्यंत शेकडा दोन लावलं असतं, तर या ताईंना आज आठशे द्यावे लागले असते. शेवटच्या हप्त्याला, जेव्हा फक्त दोन हजार राहिलेले असतील, तेव्हाही आठशेच. खरं व्याज तेव्हा चाळीस रुपये. बोलताना दोन्हीला "दोन टक्के"च म्हणतात. फरक ओळखायची खूण सोपी आहे : पासबुकातला व्याजाचा आकडा महिन्यागणिक उतरत नसेल, तर मुद्दल फिटतंय पण व्याज जागचं हलत नाही.

शेकडा दोन म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. स्वस्त नाही. उमेद अभियानातल्या गटांना बँकेचं तीन लाखांपर्यंतचं कर्ज वर्षाला सात टक्क्यांनी मिळतं, तेव्हा या बायका एकमेकींकडून चोवीस का घेतात? मी हळूच आजींना विचारते. आजींचे ६,००० बाकी आहेत. म्हाताऱ्याच्या औषधपाण्याला घेतलेले. आत्ताच त्यांनी १२० व्याज आणि ५०० मुद्दल ठेवलंय.

"एवढं व्याज जड नाय जात?"

"जातंय कुठं ते? पेटीतच राहतंय की. त्यात बारावा वाटा माझा."

पाच वर्षांत खर्च वजा जाता व्याजाचे ६१,३०० रुपये गटात साचले आहेत. माणशी पाच हजारांहून थोडे जास्त. आजींच्या नावावर बचतीचे ९,८०० आहेत, पण गट उद्या मोडला तर त्यांच्या वाट्याला त्याहून बरंच अधिक येईल. या व्यवस्थेत थोडा अन्यायही आहे, तो लपवायचं कारण नाही. ज्या चौघी कर्जच घेत नाहीत, त्यांनाही तेवढाच वाटा. म्हणजे कर्ज घेणारी व्याज भरते आणि न घेणारी बसून कमावते. गटाला हे माहीत आहे. न घेणाऱ्या चौघींना दर मिटिंगला टोमणा बसतोच. आज त्यांच्यापैकी दोघी अर्ज घेऊन आल्यात, ते पुढे.

बाहेर सावकाराकडे शेकडा पाचचा भाव चालतो, गरज अडलेली असली तर दहाचाही. तिथल्या व्याजातला एक पैसाही घरी परत येत नाही. नगर जिल्ह्याला हे नवीन नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांच्या दारावर चालून गेले, आणि ते लोण पारनेर-श्रीगोंद्याकडे पसरायला वेळ लागला नाही. त्या दंग्यात शेतकऱ्यांचा रोख सावकाराच्या पेट्यांतल्या कर्जरोख्यांवर होता. रोखे हिसकावले आणि जाळले. आपण अंगठा कशावर केला हे त्यांना वाचता येत नव्हतं, आणि वही दुसऱ्याच्या घरात होती. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा केला. बायकांच्या गटाला बँकेने कर्ज द्यायची गोष्ट त्यानंतर शतकभराने आली. नाबार्डने १९९२ मध्ये देशभर पाचशे गटांचा प्रयोग म्हणून ती सुरू केली.

वसुली पुढे सरकते. २५,००० वाली पाचशे व्याज आणि अडीच हजार मुद्दल देते. ३५,००० वाली सातशे आणि दोन हजार. सचिवाचं स्वतःचं २०,००० आहे. तिचे चारशे आणि हजार ती स्वतः न लिहिता वही दूधवाल्या ताईंकडे देते, त्या लिहितात. शिवणकामवाल्या ताईंचे बारा हजारांवरचे दोनशे चाळीस आणि हजार. गैरहजर बाईची जाऊ तिच्या वतीने सोळा हजारांवरचे तीनशे वीस आणि मुद्दलाचे हजार ठेवते.

राहिली कांदावाली. तिशीतली, डोक्यावरचा पदर दातात धरून बसलेली. दिवाळीच्या आधी तिने कांद्याच्या रोपाला आणि लागवडीच्या मजुरीला ३०,००० घेतले. ठरलेला हप्ता दोन हजार, पंधरा महिने. ती सहाशे रुपये सतरंजीवर ठेवते आणि गप्प बसते.

"मुद्दल?" अध्यक्षबाई विचारतात.

"कांदा चाळीत हाये, ताई. भाव येऊ द्या."

सचिव तिच्या खात्याचं पान उघडून सगळ्यांना दिसेल असं धरते. व्याजाच्या रकान्यात खाली खाली ६००, ६००, ६००. आजचे धरून आठ वेळा. मुद्दलाच्या रकान्यात आठ रेघा. बाकीच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच आकडा, ३०,०००. तिने आठ महिन्यांत ४,८०० रुपये भरले आणि कर्ज जिथल्या तिथे आहे. ठरल्याप्रमाणे दोन हजार फेडले असते तर व्याज ६००, ५६०, ५२० असं उतरत आजचं ३२० झालं असतं. आठ महिन्यांचं मिळून ३,६८०. आणि बाकी राहिली असती १४,०००. अकराशेवीस रुपये तिचे जास्त गेले, हे तिचं नुकसान. सोळा हजार रुपये गटात परत आले नाहीत, हे बाकी अकरा जणींचं.

यात तिचा दोष किती? माझ्या मते अर्धाच. दुधाचं उत्पन्न दर दहा दिवसांनी येतं, म्हणून दूधवालीला महिन्याचा हप्ता जमतो. उन्हाळी कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो, चाळीत जातो आणि भाव बघून पावसाळ्यात विकला जातो. वर्षात एकदाच पैसा येणाऱ्या बाईला बारा महिन्यांचा हप्ता बांधून दिला, तेव्हाच हा घोळ ठरलेला होता. कर्ज देताना गटाने रक्कम विचारली, कारण विचारलं, जामीन विचारले, पण पैसा कधी येणार हे विचारलं नाही. इतिवृत्तात तेव्हाचा ठराव आहे, त्यात कांद्याचा उल्लेख आहे आणि खाली हप्ता दुधाचा आहे.

आता अध्यक्षबाई जरा पुढे सरकतात आणि आवाज उतरवतात. गटाचं बँकेचं जुनं कर्ज गेल्या वर्षी फिटलं, नव्या कर्जाची फाईल बँकेत आहे. पुढच्या आठवड्यात वह्या घेऊन शाखेत जायचंय. "ही थकबाकी दिसली तर साहेब अडवील. आपण नवं-जुनं करून टाकू. आज तिचे तीस जमा दाखवू, आजच तिला नवे तीस दिले म्हणून दाखवू. वही साफ."

नवं-जुनं हा शब्द इथे कुणालाच समजावून सांगावा लागत नाही. सोसायटीच्या कर्जाचं मार्चअखेर नवं-जुनं करायची रीत प्रत्येक घराला ठाऊक आहे. दोघीतिघी माना डोलावतात. कांदावालीच्या चेहऱ्यावर सुटकेचं काही दिसायला लागतं.

भिंतीला टेकून बसलेली सीआरपी ताई, म्हणजे अभियानाची गावातलीच कार्यकर्ती, आत्तापर्यंत गप्प होती. ती म्हणते, "तीस हजार जमा दाखवायला तीस हजार सतरंजीवर लागतील. आहेत का?"

कुणी बोलत नाही.

"आणि साहेब तारीख बघतो. एकाच तारखेला एकाच बाईचे तीस आले आन् तीस गेले, आणि बँकेच्या पासबुकात एक रुपया हलला नाही. त्याला कळत नसंल व्हय?"

ही खूण मनात टिपून ठेवण्यासारखी आहे. खोट्या वसुलीची नोंद एकटी कधीच नसते. तिच्या शेजारी, त्याच दिवशी, तेवढ्याच रकमेचं नवं कर्ज असतं. ज्या गटात मार्चच्या मिटिंगला सगळी कर्जं फिटतात आणि त्याच मिटिंगला सगळ्यांना पुन्हा तेवढीच कर्जं मिळतात, तिथे थकबाकी शून्य दिसते आणि पेटीही रिकामी असते.

वाद थोडा वाढतो, मग सचिव मधला रस्ता काढते, आणि तो खरा आहे. कांदावालीची बाकी ३०,००० तशीच राहील, थकलेले हप्ते तसेच दिसतील. पण आज नवा ठराव लिहायचा : कांदा विकेपर्यंत व्याज आणि पाचशे रुपये मुद्दल दर महिन्याला, गणपतीपर्यंत चाळीतला निम्मा माल विकून पंधरा हजार, उरलेले दिवाळीच्या आत. "बँकेने विचारलं तर हा ठराव दाखवू. का थकलं ते तरी त्यात आहे." कांदावाली विचार करते. चाळीत साठेक क्विंटल आहे म्हणते, पण सड सुरू झाली तर? "म्हणूनच निम्मा आधी काढ," आजी पहिल्यांदाच बोलतात, "भावाची वाट बघता बघता माझ्या सासऱ्याची चाळ पाण्यागत वाहिली." ठराव लिहिला जातो. सूचक आजी, अनुमोदक दूधवाल्या ताई. कांदावाली सही करते, तिचे दोन जामीनही पुन्हा सही करतात.

मग मोजणी. सचिव रोजकीर्दीची बेरीज वाचते : मागील हातशिल्लक १,२००, बचत २,४००, व्याज ३,४४०, मुद्दल १०,०००, दंड २०. एकूण १७,०६० रुपये हातात हवेत.

पितळी मारुती बाजूला होतो. शिवणकामवाल्या ताई नोटा जातवार लावतात. पाचशेच्या सव्वीस, दोनशेच्या अकरा, शंभराच्या चौदा, पन्नासच्या चार, दहाच्या सहा. बोटाला थुंकी न लावता, पाण्यात भिजवलेला फडका शेजारी ठेवून त्या मोजतात. शिलाईच्या कापडासारखा प्रत्येक नोटेचा कोपरा सरळ करत. सोळा हजार आठशे साठ.

पुन्हा मोजतात. सोळा हजार आठशे साठ. दोनशे कमी.

मघाचं हसणंखिदळणं थांबतं. दोनशे रुपये ही मोठी रक्कम नाही, पण दोनशे म्हणजे नेमकी एकीची बचत, आणि प्रत्येकजण नकळत आपल्या पासबुकाकडे बघते. "मी दिले," "मी पण दिले," सुरू होतं. दंडवाल्या दोघींपैकी एक सतरंजी उचलून खाली बघते. अध्यक्षबाई म्हणतात, "जाऊ द्या, दोनशे मी घालते, उशीर झालाय." आणि त्या खरंच बटव्यात हात घालतात.

सीआरपी ताई त्यांचा हात धरते. "तुम्ही घातले तर आज जुळंल. चूक कुठं झाली ते मात्र कधीच कळायचं नाय."

सचिव एकेक पासबुक पुन्हा मागवते आणि बचतीचा रकाना वहीशी लावते. अकरा पासबुकं जुळतात. बारावं इथे नाहीच, ते गैरहजर बाईच्या घरी आहे. सचिव तिथेच थांबते आणि जावेकडे वळते.

"तुम्ही किती दिले हो मघाशी?"

"तेराशे वीस. तीनशे वीस आणि हजार. तिनं तेवढंच दिलं होतं."

मिटिंगच्या आधी वेळ वाचावा म्हणून सचिवाने बचतीच्या रकान्यात बारा वेळा २०० आधीच लिहून ठेवले होते. बचत काय, सगळ्याच देतात! अकरा जणींनी दिली, बारावीची आलीच नाही, आणि वहीत मात्र ती आधीच जमा झालेली.

"लिहिलंय तर राहू दे की," दंडवाली म्हणते, "चार दिवसांनी येईल ती, देईल."

सचिव मान हलवते. ती खोडरबर वापरत नाही, आकड्यावर आकडा गिरवत नाही. लाल पेनने २०० वर एक आडवी रेघ मारते, जुना आकडा वाचता येईल अशी. शेजारी ० लिहिते, बाजूला सही करते आणि अध्यक्षांची सही घेते. बचत २,४०० ची २,२०० होते. एकूण १७,०६० चे १६,८६०. सतरंजीवरही तेवढेच आहेत. गैरहजर बाईचे दोनशे पुढच्या महिन्यात येणं, दंडासह.

मला वाटतं, आजच्या मिटिंगमधला सगळ्यात महत्त्वाचा आकडा हा शून्य आहे. यायला हवे असलेले पैसे आणि आलेले पैसे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि रोजकीर्दीत फक्त दुसरीला जागा आहे. नवं-जुनं आणि हे दोनशे यांत चुकीची जात एकच आहे. एकात मुद्दाम होतं, दुसऱ्यात सवयीने. गटाचे पैसे खाणारी सचिव क्वचित असते. त्याहून जास्त वेळा असं होतं की आधी लिहिलेले दोनशे, मग पाचशे, मग "उद्या देते" म्हणून लिहिलेला एखादा हप्ता साचत जातो, वर्षाअखेर वहीत आणि पेटीत काही हजारांची तफावत पडते आणि ती कुणाची हे सांगता येत नाही. मग गट मोडतो आणि बदनाम सचिव होते.

साडेनऊ झालेत. आता कर्जाचे अर्ज. हातात १६,८६० आणि बँकेत १८,३००, मिळून ३५,१६०. पहिला अर्ज मुलीच्या नर्सिंगच्या फीचा, २०,०००. दुसरा बोअरची मोटार जळाली म्हणून, ८,०००. घास वाळत चाललाय, गाभण म्हैस आहे. दोघींनी पाच वर्षांत एकदाही कर्ज घेतलेलं नाही. टोमण्यांचा उपयोग झाला म्हणायचा.

या वेळी अध्यक्षबाई वेगळं काही विचारतात. "पैसा कधी येतो तुझ्या घरात?" मोटारवालीचं दूध आहे, ती महिन्याला हजार देईल. फीवालीचा नवरा संगमनेरला दुकानात कामाला आहे, पगार सात तारखेला होतो. तिला दहा महिन्यांचा हप्ता, दोन हजार मुद्दल. सचिव व्याज मोजून सांगते : पहिल्या महिन्यात चारशे, मग तीनशे साठ, असं उतरत शेवटी चाळीस. दहा महिन्यांचं मिळून २,२००. फीवाली आकडा दोनदा म्हणून बघते. "बावीसशे. आणि त्यातला वाटा परत मलाच?" "तुलाच," आजी म्हणतात.

मोटारीचे आठ हजार आजच रोख दिले जातात, कारण उद्या सकाळी मेकॅनिक येणार आहे. ती व्हाउचरवर सही करते, नोटा स्वतः मोजते आणि ब्लाउजमध्ये खोचते. फीचे वीस हजार चेकने. बँकेत अठरा हजार तीनशेच आहेत, म्हणून उद्या सचिव आणि शिवणकामवाल्या ताई दोघी मिळून आठ हजार भरतील आणि मग चेक वटेल. भरणा पावती पुढच्या मिटिंगला दाखवायची. ठराव, सूचक, अनुमोदक, जामिनांच्या सह्या.

शेवटचं काम ताळ्याचं. सचिव वहीच्या मागच्या पानावर एक उभी रेघ मारते. डावीकडे गटाचा पैसा आला कुठून : सगळ्यांची बचत १,१७,४००, शासनाचा फिरता निधी १५,०००, आजचे धरून साचलेलं व्याज आणि दंड ६४,७६०. उजवीकडे तो आहे कुठे : सभासदांकडे येणं १,९०,०००, बँकेत चेक वटल्यावर ६,३००, पेटीत ८६०. दोन्हीकडची बेरीज १,९७,१६०. हा आकडा ती मोठ्याने दोनदा वाचते. मोजणी आणि हा ताळा मिळून वीस मिनिटं लागली. बायका पायात चपला घालता घालता ऐकतायत, पण ऐकतायत.

जवळजवळ सगळा पैसा बाहेर फिरतोय, हे चांगलं आणि जरा जोखमीचंही आहे. रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर गटाकडे सात हजार एकशे साठच आहेत. सीआरपी ताई ते बोलून दाखवते आणि ग्रामसंघाकडून मागता येईल म्हणते. पठारावर तीसेक वर्षांपूर्वी दरेवाडीसारख्या गावांत पाणलोटाची कामं झाली, तेव्हापासून बायकांचे गट या भागाला नवे नाहीत. त्यातले काही टिकले आणि काही मोडले. मोडलेल्या एका जुन्या गटात अध्यक्षबाईही होत्या. तो कसा मोडला ते त्या एका वाक्यात सांगतात : "मोजणी व्हायची नाय, नुसतं वाचून दाखवायचे."

तुमच्या घरातली आई, बायको, सून, कामाला येणारी मावशी कुणी गटात असेल, तर तिला या महिन्यात तीन गोष्टी विचारा. पासबुक घरी आहे का, त्यातलं व्याज दर महिन्याला उतरतंय का, आणि मिटिंगमध्ये पेटीतले पैसे सगळ्यांसमोर मोजतात का. तिन्हीची उत्तरं हो असतील तर दोनशेची बचत बिनघोर वाढवावी. एखादं नाही आलं, तर पुढच्या मिटिंगला पैसे ठेवण्याआधी वही उघडायला सांगावी.